चित्रात रान तितकंच लालभडक, मग एनडीव्हीआय ०.८२ वरून ०.५५ वर कसा आला?

ऋतुजा_व

जाणकारांची मदत हवी आहे. एका डोंगरउताराच्या जंगलाचा अहवाल करतेय. झाडोरा दोन वर्षांत कमी झाला की टिकून आहे, एवढंच त्यात सांगायचं आहे. त्यासाठी सेंटिनेल-२ च्या दोन एल-२-ए इमेजेस घेतल्या, एक नोव्हेंबर २०२१ ची आणि दुसरी नोव्हेंबर २०२३ ची. पहिली मी तेव्हाच उतरवून ठेवली होती, दुसरी नंतर घेतली. तारखा मुद्दाम जवळजवळ सारख्या निवडल्या, म्हणजे ऋतूचा फरक मध्ये येऊ नये.

आधी क्यूजीआयएसमध्ये ८-४-३ असं बँडचं कॉम्बिनेशन लावून दोन्ही फॉल्स कलरमध्ये पाहिल्या. दोन्हींत जंगल गडद लाल, शेतं थोडी फिकट लाल, उघडी जमीन राखाडी-निळसर आणि जलाशय काळा. शेजारी शेजारी ठेवल्या तर फरक सांगता येणार नाही. मग रॅस्टर कॅल्क्युलेटरमध्ये नेहमीचं सूत्र घालून एनडीव्हीआय, म्हणजे हिरव्या पानोऱ्याचा इंडेक्स, काढला. जंगलाच्या मधोमध २०२१ ला ०.८२ येतो आणि २०२३ ला ०.५५. एकाच ठिकाणी असं नाही, सगळ्या जंगलभर हेच आहे.

आकड्यांवर विश्वास ठेवला तर जंगल विरळ झालंय असं लिहावं लागेल, चित्रावर ठेवला तर काहीच झालेलं नाही. हा अहवाल वाचून पुढे निर्णय होणार आहेत, त्यामुळे चुकीचं एक वाक्यही मला जायला नको आहे. कुठे बघू?

---

हिरवापट्टा

मला यात आश्चर्य वाटत नाही. फॉल्स कलरमधला लाल रंग हा मुख्यतः एनआयआर, म्हणजे लालच्या पलीकडच्या इन्फ्रारेड बँडमुळे दिसतो. पानांवर ताण आला की आधी क्लोरोफिल कमी होतं, म्हणजे लाल प्रकाश शोषला जाणं कमी होतं आणि लाल बँडचा आकडा वाढतो. एनआयआर मात्र बराच काळ टिकून राहतो. त्यामुळे चित्र लालच दिसणार आणि एनडीव्हीआय घसरणार. डोळ्यांना दिसण्याआधी इंडेक्स सांगतो, तो याचसाठी.

०.६ च्या खाली गेलेलं जंगल निरोगी धरत नाहीत. पाऊस कमी झाला होता का ते बघा. मी तरी आकड्यावर विश्वास ठेवीन.

---

बागवाला

मी बाग करतो, तुमच्याइतकं तांत्रिक कळत नाही. पण माझ्या मोबाइलवर शेताचा उपग्रह नकाशा येतो, त्यात लाल म्हणजे पीक खराब आणि हिरवं म्हणजे चांगलं. तुमचं अख्खं जंगल लाल दिसतंय म्हणता, तर ते आधीपासूनच वाईट अवस्थेत होतं असं नाही का? मग इंडेक्स खाली आला यात नवल काय?

जाता जाता माझं पण विचारतो. माझ्या बागेत पाच-सहा ओळींतली झाडं स्पष्ट पिवळी पडलीत, पानं गळतायत. नकाशात मात्र तो भाग हिरवागार दिसतो, आकडा ०.७ च्या वर. हे कसं?

---

नभोमापक

आधी बागवाल्यांच्या शंकेबद्दल, कारण ही गल्लत फार जणांची होते. दोन वेगवेगळे नकाशे आहेत, आणि दोन्हींत लाल रंग आहे एवढंच त्यांच्यातलं साम्य.

तुमच्या मोबाइलवर येतो तो आधी काढलेल्या एनडीव्हीआयचा नकाशा आहे. तिथे प्रत्येक पिक्सेलला एकच आकडा असतो आणि त्याला कुठला रंग द्यायचा हे ॲप बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. कमी आकड्याला लाल आणि जास्तीला हिरवा ही त्याची निवड. उद्या त्याने जांभळा-पिवळा लावला तरी शेत तेच राहील.

ऋतुजा म्हणतायत ते चित्र वेगळं आहे. तिथे इंडेक्स नाही, सरळ तीन बँड आहेत. स्क्रीनला लाल, हिरवा आणि निळा एवढेच तीन रंग दाखवता येतात. एनआयआर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो लाल रंगात घालतात, खरा लाल बँड हिरव्या रंगात आणि खरा हिरवा बँड निळ्या रंगात. दाट निरोगी पानोऱ्यावर पडलेल्या एनआयआर प्रकाशातला साधारण ४० टक्के परत फिरतो, कारण पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या तो सगळीकडे उधळतात. लाल प्रकाश क्लोरोफिल शोषून घेतं, त्यातला जेमतेम ४ टक्के परत येतो, आणि हिरवा सुमारे ७ टक्के. म्हणजे स्क्रीनवर लाल भरपूर, बाकीचे दोन नगण्य. म्हणून इथे लालभडक म्हणजे सुदृढ.

आता ऋतुजांचा मूळ प्रश्न. हिरवापट्टा यांनी सांगितलेली यंत्रणा खरी आहे, ताणात लाल बँड वाढतोच. पण संपूर्ण जंगलभर एकसारखी ०.२७ ची घसरण आणि चित्रात तिचा मागमूस नाही, हे पानांच्या ताणाशी जुळत नाही. क्लोरोफिल इतकं गेलं असतं तर लाल बँड चढल्यामुळे स्क्रीनवर हिरवा मिसळला असता आणि जंगल लालऐवजी तपकिरी-नारिंगीकडे झुकलं असतं.

इंडेक्सचे आकडे बाजूला ठेवा आणि मूळ बँडचे आकडे द्या. तीन ठिकाणं निवडा: जंगलाचा मध्य, उघडी जमीन आणि जलाशयाचा खोल भाग. प्रत्येक ठिकाणी दोन्ही वर्षांचे B08 म्हणजे एनआयआर आणि B04 म्हणजे लाल, हे आकडे `Identify` टूलने वाचून इथे टाका. फाइलचं पूर्ण नावही द्या, विशेषतः त्यात N पुढे जे चार आकडे येतात ते.

---

ऋतुजा_व

हे घ्या.

जंगलाचा मध्य: २०२१ ला B08 = ४०१०, B04 = ४०२. २०२३ ला B08 = ४९३६, B04 = १४२१.

उघडी जमीन: २०२१ ला २४८० आणि १९९०, एनडीव्हीआय ०.११. २०२३ ला ३५३० आणि ३०४०, एनडीव्हीआय ०.०७.

जलाशय: २०२१ ला १०४ आणि २१२, एनडीव्हीआय उणे ०.३४. २०२३ ला १०९८ आणि १२२१, एनडीव्हीआय उणे ०.०५.

फाइलच्या नावात २०२१ च्या इमेजला `N0301` आहे, २०२३ च्या इमेजला `N0509`.

लिहिता लिहिताच दिसलं की २०२३ चे सगळे आकडे हजाराने मोठे आहेत, पाण्याचेसुद्धा!

---

नभोमापक

बरोबर, आणि तिथेच उत्तर आहे. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रोसेसिंगची ०४.०० ही आवृत्ती लागू झाली. तेव्हापासून फाइलमध्ये साठवलेल्या प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. पूर्वी आकड्याला १०,००० ने भागलं की परावर्तन मिळायचं. आता आधी १००० वजा करायचे आणि मग भागायचं. इमेजसोबत येणाऱ्या `MTD_MSIL2A.xml` फाइलमध्ये `BOA_ADD_OFFSET` शोधा, प्रत्येक बँडसमोर -1000 लिहिलेलं सापडेल.

आता हे १००० एनडीव्हीआयच्या सूत्रात काय करतात ते बघा. वर वजाबाकी आहे, तिथे दोन्ही बँडमधले हजार एकमेकांना खाऊन टाकतात. खाली बेरीज आहे, तिथे ते दोन हजार होऊन बसतात. तुमच्या जंगलाच्या पिक्सेलला वरचा आकडा २०२१ मध्ये ३६०८ होता, २०२३ मध्ये ३५१५ आहे. जवळजवळ तोच. खालचा मात्र ४४१२ वरून ६३५७ झाला. घसरण सगळी छेदातून आली आहे, जंगलातून नाही.

ताण खरा असता तर उलट दिसलं असतं. लाल बँड वाढला आणि एनआयआर उतरला की दोघांमधलं अंतर कमी होतं, म्हणजे वरचा आकडाच आकसतो. म्हणून इंडेक्स पडला की मी नेहमी आधी वर आणि खाली काय झालं ते वेगवेगळं बघतो.

जमिनीचे आकडेही साक्ष देतात. जंगल ०.८२ वरून ०.५५ वर आलं आणि उघडी जमीन ०.११ वरून ०.०७ वर, म्हणजे दोन्ही ठिकाणी जुन्या किमतीचा साधारण दोन तृतीयांश भाग उरला. पानं आणि माती एकाच प्रमाणात कशी बिघडतील? आणि पाणी तर शून्याच्या दिशेने वर सरकलं, कारण त्याचा छेद मुळातच ३१६ होता आणि त्यात दोन हजार पडले.

रॅस्टर कॅल्क्युलेटरमध्ये २०२३ साठी एवढंच करा:

```
("B08@1" - "B04@1") / ("B08@1" + "B04@1" - 2000)
```

२०२१ च्या इमेजला हे लावू नका. ती जुन्या आवृत्तीची आहे, तिच्यात हजार नाहीत.

---

हिरवापट्टा

हे पटलं. पण मग चित्रात फरक का दिसला नाही? तिन्ही बँडमध्ये हजार मिसळले तर रंग फिका, धुरकट व्हायला हवा होता.

---

नभोमापक

झाला असता, दोन्ही इमेजेसना एकच मोजपट्टी लावली असती तर. क्यूजीआयएस इमेज उघडताना प्रत्येक बँडचे सर्वांत खालचे २ टक्के आणि वरचे २ टक्के पिक्सेल सोडून देतं आणि उरलेल्या पल्ल्याला काळ्यापासून पूर्ण रंगापर्यंत ताणतं. म्हणजे खालची हद्द आपोआप वजा होते. २०२३ च्या बँडची खालची हद्द हजाराच्या वरच असणार, ती वजा झाली आणि हजार निघून गेले. ऋतुजा, लेयरच्या `Symbology` मध्ये `Min` आणि `Max` चे आकडे बघा. एका इमेजला तिन्ही `Min` काही शेकड्यांत असतील आणि दुसरीला तिन्ही हजारापुढे. इतकं पाहिलं तरी निदान होतं.

याच ताणण्यामुळे दोन तारखांची फॉल्स कलर चित्रं शेजारी ठेवून "हे जास्त लाल, ते कमी लाल" असं म्हणण्यात अर्थ नसतो. एका इमेजमध्ये मोठा ढग आला की वरची हद्द ढगाकडे खेचली जाते आणि खालचं सगळं रान काळपट तांबडं दिसतं. रान तेच असतं. तुलना करायचीच असेल तर दोन्ही लेयरना हाताने सारख्या हद्दी द्याव्यात, नव्या इमेजला त्यात १००० वाढवून.

---

पंचरंगी

मध्येच विचारते. हे हजार मिसळले कशाला? जगभरचे लोक आधीचं सूत्र वापरत होते, मग ते मोडून काय मिळवलं?

---

नभोमापक

कारण खरं आहे. खोल पाणी किंवा गडद सावली यांच्यावरून येणारा प्रकाश फार थोडा असतो. त्यातून वातावरणाचा वाटा वजा केला की उत्तर कधी कधी शून्याच्या किंचित खाली जातं. ते उणे मूल्य म्हणजे मोजणीतली नैसर्गिक चढउतार आहे, पण जुन्या फाइलमध्ये उणे आकडा ठेवायला जागाच नव्हती. ती मूल्यं छाटली जायची आणि अंधाऱ्या भागांची सरासरी उगाच वर सरकायची. शून्य हा आकडा तर "इथे माहितीच नाही" यासाठी राखून ठेवलेला. हजार मिळवल्याने खाली जागा झाली. पाण्यावर काम करणाऱ्यांना याचा खरा उपयोग आहे.

एक सावधगिरी मात्र ठेवा. "२०२२ च्या आधीच्या इमेजेसमध्ये हजार नाहीत" असं सरसकट धरू नका. जुना साठा पुन्हा प्रोसेस करून नव्या आवृत्तीत दिला गेला आहे. तीच नोव्हेंबर २०२१ ची इमेज आज उतरवलीत तर नावात `N0500` असू शकेल, आणि मग तिच्यातही हजार असतील. म्हणून तारखेवर जाऊ नका, N पुढचा आकडा वाचा. ०४०० किंवा त्यापुढचा असेल तर हजार आहेत. अर्थ इंजिन वापरणाऱ्यांनी `COPERNICUS/S2_SR_HARMONIZED` हा संग्रह घेतला तर तिथे हजार आधीच काढलेले असतात. तिथे पुन्हा वजा केलेत तर छेद छोटा होऊन इंडेक्स उलट फुगेल.

---

जुनीछायाचित्रे

या धाग्यावर एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. झाडी लाल दाखवण्याची रीत उपग्रहांच्याही आधीची. दुसऱ्या महायुद्धात इन्फ्रारेड रंगीत फिल्म वापरात आली, शत्रूने झाकलेली ठिकाणं हुडकायला. हिरवा रंग फासलेलं कापड डोळ्यांना झाडीसारखंच दिसतं, पण त्यावरून एनआयआर तसा परत फिरत नाही. त्यामुळे फिल्मवर खरी झाडी लाल यायची आणि रंगवलेलं आच्छादन वेगळं उठून दिसायचं. १९७२ साली पहिला लँडसॅट गेला तेव्हा त्याच्या एनआयआर बँडच्या चित्रांनाही हाच रिवाज लावला गेला.

आणि काही उपग्रहांच्या बाबतीत तर दुसरा मार्गच नाही. मी लिस-४ च्या इमेजेस वापरतो. त्यात हिरवा, लाल आणि एनआयआर एवढेच तीन बँड आहेत, निळा नाहीच. नैसर्गिक रंगात दाखव म्हटलं तरी दाखवणार कुठून? सवय झाली की हे लाल चित्रच जास्त बोलकं वाटतं. पानझडीचं रान उजळ लाल आणि सूचिपर्णी रान काळपट लाल, हा फरक नैसर्गिक रंगात असा उठत नाही.

---

ऋतुजा_व

सगळ्यांचे मनापासून आभार. सुधारलेल्या सूत्राने पुन्हा काढलं. जंगलाचा मध्य आता ०.८१ येतो, उघडी जमीन ०.११. जीव भांड्यात पडला, कारण आधीच्या आकड्यांवर "जंगल विरळ झाले" असं वाक्य अहवालात जाणार होतं.

दोन गोष्टी अजून सुटल्या नाहीत. पहिली म्हणजे जलाशयात काही पिक्सेलना उणे ३ पर्यंत आकडे येतायत. हा इंडेक्स उणे १ ते १ च्या आत राहतो ना?

दुसरी जास्त महत्त्वाची. जंगलाच्या वरच्या कडेला एक पट्टा आहे, तिथे सुधारल्यावरही फरक उरतो. २०२१ ला B08 = ३४२०, B04 = ४००, म्हणजे ०.७९. २०२३ ला B08 = ३७१०, B04 = १५२०, त्यातून हजार काढले तर २७१० आणि ५२०, म्हणजे ०.६८.

---

नभोमापक

पाण्याचं सोपं आहे. दोन्ही बँड शून्याच्या वर असतील तरच हा इंडेक्स उणे १ ते १ च्या आत राहतो. तुमच्या जलाशयात कुठे तरी B08 = १००५ आणि B04 = ९९० असं असेल. हजार काढल्यावर ५ आणि उणे १० उरतात. वर १५, खाली उणे ५, उत्तर उणे ३. गणित बरोबर आहे, पण तिथे मोजण्यासारखा प्रकाशच नाही. इमेजसोबत येणाऱ्या `SCL` थरात पाण्याला ६ हा आकडा असतो, तो भाग झाकून टाका आणि पुढे चला.

पट्ट्याचं मात्र विचार करण्यासारखं आहे. इथे वरचा आकडा खरोखर आकसलाय, ३०२० वरून २१९०. एनआयआर उतरला आणि लाल चढला. नुसती सावली असती तर दोन्ही बँड एकत्र उतरले असते आणि गुणोत्तर फारसं हललं नसतं. डोंगराच्या सावलीकडच्या अंगाला चित्रात रान काळपट लाल दिसतं तरी एनडीव्हीआय चांगला येतो, तो याचमुळे. इथे लाल वाढलाय, म्हणून सावली हे उत्तर नाही.

उरल्या दोन शक्यता. पानोरा खरंच कमी झाला, किंवा त्या दिवशी त्या कडेवर विरळ ढगाचा पापुद्रा होता. पापुद्रासुद्धा लाल बँड वाढवतो आणि उजळ एनआयआर थोडा दाबतो, त्यामुळे इंडेक्समध्ये दोन्ही सारखेच दिसतात. वेगळे करायला निळा बँड बघा. धूसर हवा सगळ्यात जास्त निळा वाढवते.

---

बागवाला

माझं राहिलं हो. रंगांचं समजलं, धन्यवाद. पण पिवळी झाडं आणि आकडा ०.७ च्या वर, हे कसं जमतं? हिरवापट्टा म्हणाले की ०.६ च्या वर निरोगी. माझी झाडं निरोगी नाहीत, रोज बघतोय.

---

हिरवापट्टा

०.६ मी एका तक्त्यावरून सांगितलं. ०.२ खाली उघडी जमीन, ०.२ ते ०.४ विरळ, ०.६ वर दाट आणि निरोगी असा तो तक्ता सगळीकडे दिसतो.

---

नभोमापक

तो तक्ता अंदाजापुरता ठीक आहे, पण त्यातला "निरोगी" हा शब्द काढून टाकावा असं माझं ठाम मत आहे. एनडीव्हीआय सांगतो की त्या पिक्सेलमध्ये हिरवं पान किती आहे. ते कुणाचं आहे आणि कुठल्या अवस्थेत आहे, हे तो सांगत नाही. नुकतं उगवलेलं जोमदार पीक ०.३ दाखवेल, कारण मधली माती दिसते. ते आजारी नसतं.

बागेचं उदाहरण आकड्यांत मांडतो, आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. सेंटिनेलचा पिक्सेल १० मीटर बाय १० मीटर. त्यात तुमच्या दोन ओळी आणि मधली मोकळी जागा असं सगळं एकत्र मोजलं जातं. पिवळ्या झाडांचं एनआयआर परावर्तन ०.३० आणि लाल ०.०८ धरा. झाडं एकटी मोजता आली असती तर ०.५८ आलं असतं. ओळींमध्ये गवत माजलं असेल तर त्याचं एनआयआर ०.४५ आणि लाल ०.०४. निम्मं झाड आणि निम्मं गवत असेल तर मिश्रण ०.३७५ आणि ०.०६, म्हणजे एनडीव्हीआय ०.७२. नकाशा हिरवागार.

आता गवत काढून टाका. मातीचं ०.२५ आणि ०.२० धरलं तर त्याच झाडांसह मिश्रण ०.२७५ आणि ०.१४ होतं, एनडीव्हीआय ०.३३. झाडं तीच, पिवळी तितकीच. फरक पडला तो मधल्या जागेत. तुमच्या ओळींमध्ये गवत आहे का?

---

बागवाला

गुडघाभर आहे. मुद्दाम राखलंय, ओल टिकते म्हणून. म्हणजे इतके दिवस मी गवताचा नकाशा बघत होतो तर! गवत वाळल्यावर बघितलं तर झाडांचं कळेल का?

---

नभोमापक

बरंच चांगलं कळेल. गवत वाळलेलं असताना जे हिरवं दिसेल ते झाडांचं. तरी आकडा दुसऱ्या बागेशी लावू नका, तिथे ओळींमधलं अंतर वेगळं असेल. आपल्याच बागेतल्या चांगल्या ओळी आणि पिवळ्या ओळी, एकाच तारखेच्या इमेजमध्ये पाहा. पाच-सहा ओळी म्हणजे रुंदीला मोजकेच पिक्सेल, आणि त्यातलेही कडेचे शेजारच्या ओळींशी मिसळलेले. त्यामुळे मधल्याच पिक्सेलवर भिस्त ठेवा.

---

पंचरंगी

ऋतुजांच्या जंगलात ०.८२ आणि ०.८१ आलं. या शंभराव्या भागाच्या फरकाचं काय करायचं? अहवालात घट म्हणून दाखवायची का?

---

नभोमापक

नाही दाखवायची. एक तर दोन तारखांना सूर्य, हवा आणि कोन यांत इतका फरक असतोच. दुसरं म्हणजे दाट पानोऱ्यात हा इंडेक्स जवळपास थांबतो. जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर तीनेक चौरस मीटर पानं झाली की लाल प्रकाश जवळजवळ सगळा शोषला गेलेला असतो, आणखी पानांचे थर चढले तरी तो अजून उतरणार कुठे? एनआयआर थोडा वाढत राहतो, पण इंडेक्स ०.८-०.९ पाशी रेंगाळतो. याचा अर्थ असाही होतो की दाट जंगलातून थोडीफार पानं गेली तर एनडीव्हीआयला ते कळणारही नाही. ऋतुजा, म्हणून अहवालात "काहीच बदल नाही" असं लिहू नका. "या इंडेक्सवर बदल दिसत नाही" असं लिहा.

दाट रानासाठी लाल आणि एनआयआरच्या मधल्या काठावरचा बँड, B05, जास्त संवेदनशील राहतो. B04 च्या जागी B05 घालून तसाच इंडेक्स काढता येतो. B05 चा पिक्सेल २० मीटरचा आहे, म्हणून सोबत B08 ऐवजी २० मीटरचाच B8A घ्या. हजार तिथेही काढायचे.

---

ऋतुजा_व

वाक्य बदललं.

पट्ट्याचा निळा बँड पाहिला. २०२१ ला B02 = २१०, २०२३ ला १२४५, म्हणजे २४५. `SCL` मध्ये तिथे ४, म्हणजे वनस्पती असंच आहे. विरळ ढगाचा १० कुठेच नाही.

---

हिरवापट्टा

निळा फक्त ३५ ने वाढला आणि लाल १२० ने. नभोमापकांच्या नियमाने पापुद्रा असता तर निळा जास्त वाढायला हवा होता. मग इथे तरी माझं म्हणणं लागू पडतं, पानं खरंच कमी झालीत.

---

नभोमापक

तुमचा तर्क योग्य दिशेने आहे आणि माझाही कल तिकडेच आहे. पण एल-२-ए मध्ये हवेचा परिणाम आधीच वजा केलेला असतो, आणि तो वजा करताना निळा बँडच सगळ्यात जास्त दुरुस्त होतो. त्यामुळे उरलेल्या ३५ वरून पक्कं म्हणवत नाही. विरळ उंच ढगांसाठीचा B10 बँड एल-२-ए मध्ये येत नाही. त्याच दिवसाची एल-१-सी, म्हणजे हवेचा परिणाम वजा न केलेली इमेज उतरवून तो बघावा लागेल. B10 मध्ये तो पट्टा आजूबाजूपेक्षा उजळ दिसला तर ढग होता.

शिवाय पानं कमी असली तरी तोड झाली असं त्यातून निघत नाही. कडेवरची झाडं त्या वर्षी लवकर पानगळीला लागली असतील तरी हेच आकडे येतील. २०२३ च्या पावसाळ्यानंतरच्या पहिल्या निरभ्र इमेजपासून पुढे महिन्याला एक अशा इमेजेस घ्या आणि दोन्ही वर्षांचा आलेख काढा. दोन्ही वर्षांचं शिखर सारखंच असेल आणि २०२३ चा उतार फक्त लवकर सुरू झाला असेल तर पानगळ. शिखरच खाली असेल तर तिथे माणूस पाठवून बघण्यासारखं आहे.

---

ऋतुजा_व

एल-१-सी उतरवायला लावली आहे. मासिक इमेजेसपैकी ऑक्टोबर २०२३ ची निरभ्र मिळाली, `N0509`. हजार काढून त्या पट्ट्यात ०.७४ येतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये मात्र कडेवर ढग आहे, त्यामुळे जोडीला ठेवायला काही नाही. सप्टेंबरच्या शोधतेय. पट्ट्याबद्दल अहवालात सध्या "तपासणी चालू" एवढंच ठेवलंय, B10 चं काय दिसतं ते इथे टाकते.